सेल बदलल्यावर प्रेशर टेस्ट: कोरडी की पाण्यातली?

सेल बदलायला घड्याळाचं मागचं झाकण उघडावं लागतं. झाकणाच्या खाचेत बसलेली बारीक रबरी रिंगच पाणी अडवते. झाकण परत बसवताना ती चिमटली किंवा तिच्यावर एक केस राहिला, तरी घड्याळ नीट चालतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आपण बसवलेलं झाकण खरंच बंद आहे का, हे तपासायला कारागीर प्रेशर टेस्ट करतो. ती दोन तऱ्हेची असते.

कोरड्या टेस्टमध्ये पाणी नसतंच. मशीन हवेचा दाब देतं आणि काच किंवा केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, किती दबली ते मोजतं. घड्याळ बंद असेल तर ते तेवढंच दबलेलं राहतं. हवा आत शिरत असेल तर दाब दोन्हीकडे सारखा होऊ लागतो आणि केस हळूहळू मूळ आकारात येते. घड्याळ भिजायचा धोका नाही, पण गळती कुठे आहे हे मशीन सांगत नाही.

ते पाण्यातल्या टेस्टमध्ये कळतं. काचेच्या बंद नळकांड्यात घड्याळ पाण्याच्या वर टांगून दाब वाढवतात, समजा 3 बारपर्यंत. काही मिनिटं थांबायचं, म्हणजे फट असेल तर हवा आत शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब सावकाश सोडायचा. आतली हवा बुडबुड्यांच्या माळेने बाहेर येते. सुरुवातीचे एकदोन सुटे बुडबुडे कडेला अडकलेल्या हवेचे असतात, त्यांनी घाबरू नये. सलग माळ दिसली की दाब पूर्ण उतरण्याआधीच घड्याळ वर ओढायचं. इथे हात चुकला तर टेस्टच घड्याळात पाणी घालते.

म्हणून मी आधी कोरडी टेस्ट करतो, आणि त्यात नापास झालं तरच पाण्यातली. एका बाईंचं पावसात स्कूटरवर वापरायचं 5 बारचं घड्याळ असंच नापास झालं. झाकणाच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून ते पुन्हा बसवलं, तरी निकाल तोच. पाण्यात बुडबुडे आले ते चावीजवळून! झाकण ठीक होतं, चावीची रिंग झिजली होती.

ज्या घड्याळावर पाण्याबद्दल काही लिहिलेलंच नाही, त्याला मी कुठलीच टेस्ट करत नाही, ते कोरडंच ठेवायचं.

पास झालेलं घड्याळही त्या दिवशी, खोलीच्या तापमानाला, तेवढ्याच दाबाला पास झालेलं असतं. गरम पाण्याने अंघोळ, साबण, बाहेर ओढलेली चावी किंवा फरशीवर आपटणं, यातलं काहीच तपासलेलं नसतं. रबरही वर्षागणिक कडक होतं. 3 बारला तपासलेल्या घड्याळाच्या मागे 10 बार लिहिलेलं असलं, तरी तेवढ्याची हमी मिळत नाही. म्हणून किती बारला टेस्ट केली, ते दुकानात विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

त्या स्कूटरवरच्या घड्याळाला चावीची नवी रिंग मिळायला वेळ लागणार होता. तोवर पावसात घड्याळ घरीच ठेवायचं, असं त्या बाईंनी ठरवलं.