जास्वंदीच्या फोटोवरून ठिपक्यांची रांगोळी: काही महिने एआय वापरल्यानंतर

फुलाचा फोटो द्यायचा, सोबत चार ओळी लिहायच्या आणि रांगोळीचा नमुना मागायचा, हा उद्योग मी गणपतीच्या आधी सुरू केला. आता संक्रांत होऊन गेली. एवढ्या वापरानंतर माझं मत असं की मोकळ्या, गालिच्यासारख्या रांगोळीला ही साधनं पहिल्या फटक्यात कामाची आहेत. ठिपक्यांच्या रांगोळीत मात्र ती फसवतात, कारण पडद्यावर सगळं इतकं छान दिसतं की खडू घेऊन जमिनीवर बसेपर्यंत गोम कळतच नाही.

गोम कुठे असते ते जास्वंदीवरून सांगते. घरोघरी असते ती लाल, एकेरी पाकळ्यांची. फोटो दिला आणि ‘११ ते ६ ठिपक्यांची सममित रांगोळी’ असं लिहिलं, की पाच पाकळ्यांचं देखणं फूल येतं आणि त्याच्या मागे ठिपके पेरलेले असतात. नुसते पेरलेले! रेघा ठिपक्यांमधून जातच नाहीत. मधल्या ओळीतले ठिपके मोजले तर कधी दहा, कधी तेरा. चित्र काढणारी साधनं मोजण्यात कच्ची असतात, हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण मोठं आहे आणि तिथे साधनाचा दोष नाही. ठिपक्यांच्या जाळीवर पाच सारख्या पाकळ्यांचं फूल बसूच शकत नाही. सरळ ओळींची चौकोनी जाळी पाव फेरी फिरवली की स्वतःवर बसते. ११ ते ६ ही एकाआड एक ठिपक्यांची जाळी साठ अंशांनी फिरवली की बसते. बहात्तर अंशांनी फिरवल्यावर जशीच्या तशी बसणारी ठिपक्यांची जाळी गणितातच नाही. त्यामुळे ‘जास्वंद, पाच पाकळ्या, ११ ते ६’ ही मागणीच पुरी होणारी नसते. साधन तसं सांगत मात्र नाही, काहीतरी जुळवून देतं.

यावर दोनच वाटा आहेत. पाच पाकळ्या हव्याच असतील तर ठिपके सोडायचे, दोऱ्याने वर्तुळ काढायचं, त्याचे पाच भाग पाडायचे आणि मोकळ्या हाताने काढायचं. ठिपके हवे असतील तर फुलाला सहावी पाकळी द्यायची. मला दुसरी वाट आवडते. सहा पाकळ्या झाल्या तरी ती जास्वंद वाटते, पण एका अटीवर: पाकळ्यांचा पीळ टिकला पाहिजे. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी खाली, म्हणून फूल भिरभिऱ्यासारखं दिसतं. नुसतं ‘सममित’ लिहिलं की साधन प्रत्येक पाकळी मधोमध दुमडल्यासारखी दोन्हीकडून सारखी करतं, पीळ जातो आणि हाती कोणतंही फूल उरतं. म्हणून फिरवल्यावर जुळेल पण आरशात धरल्यावर जुळणार नाही, असं स्पष्ट लिहावं लागतं.

फोटोही अगदी समोरून, फुलाच्या तोंडावर कॅमेरा धरून काढायचा. तिरका फोटो असला की लांबच्या पाकळ्या आखूड दिसतात आणि साधन तो आखूडपणा फुलाचाच समजतं. मधला लांब तुरा फोटोत एका बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे तोही वेगळा सांगावा लागतो. मी तो सरळ काढून टाकते आणि मध्यावर पिवळे ठिपके मागते.

आता माझी मागणी साधारण अशी असते:

```
११ ते ६ ठिपके, एकाआड एक, एकूण ९१.
ठिपके गणिताने मांड, SVG दे.
एकच पाकळी काढ, ती ६० अंशांनी सहा वेळा फिरव.
फिरवून जुळावी, आरशात जुळू नये.
रेघ फक्त ठिपक्यावरच वळेल.
रंग: लाल, राणी, पिवळा, पोपटी, पांढरा. तळ गेरूचा.
एका घरात एकच रंग, छटा नको.
```

सगळा फरक ‘SVG दे’ने पडतो. तसं मागितलं की साधन चित्र रंगवत बसत नाही, ठिपक्यांच्या जागा आकड्यांत लिहितं आणि ती फाईल ब्राउझरमध्ये उघडली की नमुना दिसतो. ठिपके नेमके पडतात. तरी मी मोजते: मधली ओळ ११, वरची आणि खालची ६. मग ओळींमधलं अंतर बघते. दोन ठिपक्यांत ५ सेंटिमीटर असतील तर दोन ओळींत सुमारे ४.३ हवेत. तिथेही ५ ठेवले तर पूर्ण रांगोळी उभी ताणली जाते आणि पाकळ्या लहानमोठ्या होतात. जमिनीवर अंदाजाने ठिपके टाकतानाही हे सांभाळावं लागतं.

पाकळीचा आकार मात्र मी साधनावर सोडत नाही. मधल्या ठिपक्याभोवती षटकोनी फेऱ्या धरल्या तर ११ ते ६ मध्ये पाच फेऱ्या बसतात. पाकळीचं टोक पाचव्या फेरीच्या कोपऱ्यावर. दोन्ही कडा मध्यातून निघून दुसऱ्या फेरीत कोपऱ्यांच्या मधोमध असलेल्या ठिपक्यांवर येतात, आणि हे ठिपके शेजारच्या पाकळ्यांशी सामाईक असतात. तिथून एक कड चौथ्या फेरीतल्या कोपऱ्यालगतच्या ठिपक्यावरून टोकाला जाते. दुसरी कड चौथ्या फेरीच्याच बाजूच्या अगदी मधल्या ठिपक्यापर्यंत फुगते आणि मग टोकाला येते. ही एकीकडची फुगवटी म्हणजे पीळ. सहाही पाकळ्यांना ती एकाच बाजूला आली की भिरभिरं दिसतं आणि दोन पाकळ्यांमध्ये पोपटी भरायला जागा उरते. एवढं शब्दांत लिहून दिलं की नमुना बहुधा पहिल्यांदाच बरोबर येतो. न लिहिल्यास पाकळीची रेघ दोन ठिपक्यांच्या मधून कुठूनतरी वळवलेली असते, आणि तिथे हात अडकतो.

रंगांबाबत मी थोडी नाराज आहे. ‘राणी’ म्हटलं की दरवेळी वेगळाच गुलाबी येतो, ‘पोपटी’ कधी हिरवा तर कधी पिवळा. SVG मध्ये रंगाचा आकडा दिला तर तो निदान स्थिर राहतो, राणीला मी `#D6246E` देते. पण पडद्यावरचा रंग जमिनीवर उतरत नाही. नुसता रंग बोटांतून नीट सुटत नाही म्हणून त्यात पांढरी रांगोळी मिसळतो, आणि रंग फिका पडतो. शिवाय गेरूवर लाल पाकळी बुडून जाते. पडद्यावर तळ गेरूचा असूनही साधन लाल इतका झळझळीत दाखवतं की ही अडचण लक्षात येत नाही. माझा उपाय असा की पाकळी राणी, देठाकडची घरं लाल, आणि रंग भरून झाल्यावर पांढरी रेघ पुन्हा वरून ओढायची. गेरूवर फूल उठून दिसतं ते त्या दुसऱ्या रेघेमुळे.

छटा नको असं लिहिलं नाही तर पाकळीच्या कडेपासून देठापर्यंत रंग विरघळत जातो. चाळणीने रंग पसरून काढतात त्या मोठ्या रांगोळीत ते जमतं. ठिपक्यांच्या रांगोळीत, चिमटीने भरायच्या बोटभर घरात, नाही.

ज्यांना जास्वंदीचा हट्ट नाही त्यांनी लिलीपासून सुरुवात करावी. तिला सहाच पाकळ्या दिसतात, ११ ते ६ वर ती आपसूक बसते आणि पिळाची भानगड नाही. तगरीला मात्र पाचच पाकळ्या आणि त्याही पिळाच्या, म्हणजे तिला जास्वंदीचेच सगळे सोपस्कार लागतात.