माफीचे दोन मेल

दिवाळीत आमच्या साताऱ्याच्या दुकानातून मुंबईला गेलेली कंदी पेढ्यांची पार्सलं चार दिवस उशिरा पोचली. कारण साधं होतं: खवा होता त्यापेक्षा जास्त ऑर्डरी घेतल्या.

धाकट्या भावाचा मसुदा असा: "सणाची गर्दी व कुरियरच्या अडचणींमुळे विलंब जाणवला असल्यास दिलगीर आहोत. पुढील खरेदीवर 10 टक्के सूट." 'जाणवला असल्यास' म्हणजे उशीर झाला की नाही हे गिऱ्हाइकानेच ठरवायचं! आणि भरपाई हवी तर त्यानेच पुन्हा खिशात हात घालायचा. कुरियरवाल्याच्या हातात तर पार्सलच उशिरा पडलं होतं.

मी लिहिलं: "तुमचे पेढे शुक्रवारी यायचे होते, मंगळवारी आले. झेपतील त्याहून जास्त ऑर्डरी आम्ही घेतल्या, चूक आमची आहे. पूजेच्या दिवशी पेढे हाताशी नव्हते, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पोचवण्याचा खर्च आजच परत केला आहे. पेढे खराब निघाले असतील तर याच मेलला उत्तर द्या. पूर्ण पैसे किंवा ताजे पेढे, तुम्ही म्हणाल ते. खराब माल परत पाठवू नका."

"दादा, सगळेच पैसे मागतील," भाऊ म्हणाला. मागतील काही जण. पण चांगले पेढे मिळाले त्यांचं नुकसान वेळेचं, म्हणून त्यांना फक्त पोचवण्याचा खर्च; सरसकट पूर्ण रक्कम आम्हालाही परवडली नसती.

मेलचा विषयही बदलला. 'महत्त्वाची सूचना' काढून 'तुमचे पेढे उशिरा आले, माफ करा' असं केलं.