अचूक आकडा हवा असेल तर: मॉडेलचे थेट उत्तर की कोड?

भाषा मॉडेलला मजकूर अक्षरांत दिसत नाही. तो आधी टोकन नावाच्या तुकड्यांत मोडतो आणि प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकांत अक्षरे सुटी नसतात, म्हणून अक्षरांची मोजणी अंदाजावर जाते.

गुणाकारातही तेच. 4837 × 6291 थेट विचारले, तर सुरुवातीचे आणि शेवटचे अंक बहुधा बरोबर येतात. मधले चुकतात, कारण तिथे अनेक हातचे एकत्र येतात. उत्तराचा थाट मात्र तितकाच ठाम! तेच काम कोडला दिले की मॉडेल फक्त ओळ लिहिते, हिशोब संगणक करतो: 30429567. दरवेळी हेच.

म्हणून मोठ्या आकड्यांसाठी मी निःसंशय कोडच्या बाजूने आहे. अक्षरांच्या बाबतीत मात्र एक पाहावे लागते:

```python
len("क्षत्रिय")
```

पायथन 8 सांगते, आपल्याला अक्षरे 3 दिसतात. पायथन चुकलेले नाही. ते युनिकोडची चिन्हे मोजते, त्यात दोन हलन्त आणि एक वेलांटीही आली. जोडाक्षर एकच धरायचे, हे कोडमध्ये स्पष्ट लिहावे लागते. त्यामुळे नुसते उत्तर न पाहता कोडची ओळही वाचावी.