पेमेंट लिंकने बिलं पाठवायला लागून आठ महिने झाले

नौपाड्यात माझं एसी सर्व्हिसिंगचं काम आहे. आधी बिलाचा फोटो आणि क्यूआर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो, रक्कम गिऱ्हाईक स्वतः भरायचं. मग 2,832 च्या जागी 2,800 यायचे, तेही भलत्याच नावाने. महिनाअखेरीला बायको स्टेटमेंट समोर धरून "हे 2,800 कोणाचे?" विचारायची. आता बिलाच्या रकमेचीच लिंक जाते. रक्कम भरलेलीच असते, बदलता येत नाही, आणि पैसे आले की त्याच बिलापुढे Paid दिसतं.

पहिल्याच महिन्यात तारखेवरून आपटलो. लिंक बनवताना तारखेचा एकच रकाना होता. मी 10 तारीख टाकली. ती बिल भरायची तारीख नव्हे, लिंक बंद पडायची तारीख होती. वसंत विहारच्या एक ताई गावाला गेलेल्या, 12 ला त्यांचा फोन: "अहो, पैसे द्यायचेत, तुमची लिंकच घेत नाही." लिंक बंद पडणार म्हणून लोक घाईने भरतील असं मला वाटलं होतं. उलट टाळणाऱ्यांना आयतं कारण मिळालं. आता 10 तारीख मेसेजमध्ये लिहितो, आठवण 8 ला आणि 10 ला जाते, लिंक मात्र महिनाअखेरपर्यंत चालू ठेवतो.

ठरलेल्या रकमेचा खरा घोळ होतो तो टीडीएसमुळे. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसचं एएमसीचं बिल होतं 40,000, वर 18 टक्के जीएसटी 7,200, एकूण 47,200. त्यांच्या अकाउंटंटने जीएसटीआधीच्या रकमेवर 1 टक्का, म्हणजे 400 कापले. ते देणार 46,800 आणि लिंक मागणार 47,200. अर्धवट भरण्याची सोय चालू केली तर पैसे आले, पण 400 बाकी दाखवून त्यांना आठवणी जात राहिल्या. म्हणून आता कापून किती येणार ते आधी विचारतो आणि त्याच बिल नंबरवर 46,800 ची लिंक काढतो. बिल 47,200 चंच राहतं, 400 नंतर 26एएसमध्ये तपासायचे.

सोसायट्यांना लिंक पाठवतच नाही. तिथे दोन सह्यांचा चेक निघतो, सेक्रेटरी स्वतःच्या फोनवरून कशाला भरतील?

माझ्या प्लॅनमध्ये 2 टक्के फी आणि त्यावर जीएसटी लागतो. 2,832 वर साधारण 67 रुपये जातात. नेहमीच्या, वेळेवर देणाऱ्यांसाठी म्हणून क्यूआरच ठेवलाय.

एक फजिती राहिलीच. चरईतल्या एका आजोबांनी आमच्या पोराकडे रोख दिले, पोराने मला सांगितलं नाही, आणि दोन दिवसांनी त्यांना आठवण गेली. आजोबा पावती घेऊन थेट दुकानात. तेव्हापासून पोराला सांगून ठेवलंय: रोख हातात आले की त्यांच्या दारातच लिंक रद्द करायची, मग जिना उतरायचा.