आठ महिने, शंभरेक बैल आणि गिम्पचं फोरग्राउंड सिलेक्ट: वापरानंतरचा अनुभव

माझं खटाव तालुक्यात फ्लेक्स आणि पत्रिकांचं छोटं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, दुकानाचं उद्घाटन हे वर्षभर असतंच, पण शर्यतीचा हंगाम आला की निम्मी कामं बैलांची. मालक व्हॉट्सअॅपवर नाही तर पेनड्राइव्हवर फोटो देतो, त्यातला बैल कट करून भगव्या नाहीतर निळ्या बॅकग्राउंडवर लावायचा, वर नाव, खाली गाव. आधी सगळं पेननं, म्हणजे पाथ मारून करायचो. आठ महिन्यांपूर्वी गिम्प २.१० या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं फोरग्राउंड सिलेक्ट वापरायला घेतलं. त्यावर मनासारखा बैल कट व्हायला मला दोन महिने लागले, आणि त्यातला बराचसा वेळ टूल चुकीच्या पद्धतीनं वापरण्यात गेला.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. Tools मेनूत Selection Tools खाली Foreground Select आहे. आधी बैलाभोवती ढोबळ रेघ मारून ती बंद करायची आणि एंटर दाबायचा. बाहेरचा भाग गडद निळा होतो, म्हणजे 'हे नक्की बॅकग्राउंड'. आतला भाग फिकट निळा राहतो, म्हणजे 'हे अजून ठरलेलं नाही'. मग ब्रश येतो. त्यानं आत रेघोट्या मारल्या की तेवढा भाग निळा पडदा सरकवून मूळ रंगात दिसू लागतो, म्हणजे 'हा नक्की बैल'. Preview mask वर टिक केली की कट कसा होईल ते दिसतं. पटलं तर Select.

बहुतेक शिकवण्यांमध्ये सांगतात की बैलाचे जेवढे रंग आहेत तेवढ्यांवरून एकेक नागमोडी रेघ ओढा, बाकीचं टूल बघून घेईल. ही पद्धत जुन्या गिम्पची आहे. २.४ पासून टूलच्या आत सायॉक्स नावाची पद्धत होती, ती रेघोट्यांमधून रंगांचे नमुने उचलायची आणि त्यावरून आत-बाहेर ठरवायची. २०१८ साली आलेल्या २.१० मध्ये आतलं यंत्र बदललं. आता मॅटिंग चालतं. ते प्रत्येक पिक्सेलसाठी 'किती टक्के बैल, किती टक्के मागचं' असा हिशेब करतं, आणि तो हिशेब फक्त फिकट निळ्या भागात करतं. फिकट निळा भाग जेवढा मोठा तेवढा अंदाज मोठा, तेवढी चूक मोठी. हे कळायला मला दोन महिने आणि एक फुकट गेलेला फ्लेक्स लागला.

तो किस्सा असा. पांढराशुभ्र खिलार, नाव सर्जा, दहा बाय आठचा बोर्ड. फोटो दुपारचा, मागं धुरकट पांढुरकं आभाळ. मी पोटावरून, मानेवरून, पायांवरून पाच-सहा रेघा ओढल्या, Select दाबलं, भोवती निवडीची हलती तुटक रेघ, म्हणजे मुंग्यांची रेघ, अगदी बैलाच्या आकारात फिरताना दिसली. मास्क लावून बाहेरचं लपवलं, बैल भगव्यावर ठेवला, छोट्या स्क्रीनवर बरा वाटला, छापून दिला. संध्याकाळी मालकाचा फोन आला, "दादा, सर्जाला कावीळ झालीय का? वशिंडापाशी पिवळा दिसतोय." बोर्ड बघायला गेलो तर खरंच. वशिंडापासून पाठीपर्यंत भगवा रंग अंगातून आरपार येत होता. दुसरा बोर्ड पदरचा छापून दिला.

चूक दोन ठिकाणी होती. पाठीचा पांढरा आणि आभाळाचा पांढुरका जवळजवळ एकच, त्यामुळे टूलनं पाठीला सत्तर टक्के बैल, तीस टक्के आभाळ ठरवलं. आणि मुंग्यांची रेघ फक्त पन्नास टक्क्यांची सीमा दाखवते. सत्तर टक्के निवडलेला भाग आणि पूर्ण निवडलेला भाग तिच्या आत सारखेच दिसतात. म्हणून त्या मुंग्यांवर मी आता विश्वास ठेवत नाही. टूलच्या ऑप्शनमध्ये प्रिव्ह्यूला Color ऐवजी Grayscale करतो. बैल पूर्ण पांढरा दिसायला हवा, बाहेर पूर्ण काळं, आणि राखाडी फक्त केसांच्या काठाला. अंगाच्या मध्ये कुठं राखाडी ढग दिसला की तिथं फ्लेक्सवर कावीळ होणार हे नक्की.

आता माझी पद्धत बदललीय. बाहेरची रेघ अंगाला फार चिकटवत नाही, पण चार बोटं लांबही ठेवत नाही. मग ब्रश जाड करून सगळं अंग आतून रंगवून टाकतो, अगदी भिंतीला चुना मारावा तसं. कडेजवळ आलो की Stroke width कमी करतो आणि काठाला साधारण पंधरा-वीस पिक्सेलची पट्टी सोडतो. पुढं Draw background वर जाऊन बाहेरूनही तसंच काठापर्यंत येतो, पायांच्या मधल्या फटी आणि पोटाखालची मोकळी जागा विसरायची नाही. शेवटी बैलाभोवती फिकट निळी बारीक फीत उरते, एवढंच काम टूलला. शेपटीचा गोंडा आणि कानातले केस जिथं आहेत तिथं मात्र फीत मुद्दाम रुंद ठेवतो, कारण तिथंच टूलची गरज आहे. केसावर चुकून ठाम रंग मारला गेला तर Draw unknown घेऊन तो भाग परत फिकट निळा करायचा. एकदा बाहेरच्या रेघेत शिंगाचं टोक कापलं गेलं होतं, तेही असंच परत मिळालं.

Engine मध्ये दोन पर्याय आहेत, Matting Global आणि Matting Levin. माझ्या फोटोंवर पहिल्यानं केसात बारीक ठिपके उडतात, दुसऱ्यानं काठ मऊ येतो. मी Levin वरच आहे. पण तो मशीन खातो. माझ्या जुन्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर बारा मेगापिक्सेलचा फोटो तसाच दिला तर प्रिव्ह्यूला दोन-दोन मिनिटं लागायची, आणि प्रत्येक नवीन रेघोटीनंतर परत तेच. म्हणून आधी बैलापुरता क्रॉप करतो, आणि प्रिव्ह्यूची टिक काढून सगळं रंगवून झाल्यावरच एकदा लावतो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, फोटोची रुंदी दोन-अडीच हजार पिक्सेलवर आणली तरी कुणाला फरक कळत नाही.

तक्रार करायचीच तर ही. रंगवणं चालू असताना चुकून दुसरं टूल निवडलं किंवा एस्केप दाबलं की सगळी मेहनत पाण्यात. सेव्ह करून ठेवायची सोयही नाही. लाइट गेली, इन्व्हर्टरनं झटका दिला, तरी तेच. म्हणून Select दाबल्या दाबल्या पहिलं काम Select मेनूतून Save to Channel. नंतर काय वाटेल ते बिघडो, चॅनल शाबूत राहतो.

सर्जासारखा पांढऱ्यावर पांढरा बैल आला तर मी आता टूलशी भांडत नाही. पाठ, वशिंड, शिंगं, पाय हे कडक काठ आहेत, तिथं डोळ्याला दिसतं पण रंगाला दिसत नाही. ते पाथनं मारतो, दहा मिनिटं जातात. पाथ शेपटीच्या आणि कानांच्या केसांच्या आतूनच फिरवतो. फोरग्राउंड सिलेक्टनं शेपटीचा गोंडा, कान आणि गळ्यातल्या घुंगरमाळेचे लोंबते दोरे एवढंच काढून चॅनलमध्ये ठेवतो. मग पाथपासून सिलेक्शन करून चॅनल डायलॉगमध्ये त्या चॅनलवर राइट क्लिक, Add to Selection, आणि दोन्ही एकत्र. शेवटी Layer मेनूतून Add Layer Mask, त्यात Selection. मास्कवर कुठं राखाडी राहिली असेल तर मास्क निवडून Colors मधलं Levels उघडतो आणि उजवा त्रिकोण २५५ वरून दोनशेच्या आसपास आणतो. अर्धवट भाग घट्ट होतो. मात्र जास्त ओढला तर गोंड्याचे केस तारेसारखे कडक होतात, म्हणून आधी गोंड्याभोवती सिलेक्शन मारून उलटं करतो, म्हणजे Levels बाकी अंगावरच चालतं.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मास्क कितीही चांगला झाला तरी गोंड्याच्या काळ्या केसात मागच्या उसाचा हिरवा रंग शिल्लक असतो, आणि भगव्यावर ती हिरवी झाक उठून दिसते. टूल फक्त पारदर्शकता ठरवतं, केसातला मागचा रंग धुवून देत नाही. यावर सोपा उपाय सापडला. आधी Select मेनूतून None करून उरलेलं सिलेक्शन काढायचं, मास्कवरून उतरून मूळ लेअर निवडायचा, आयड्रॉपरनं गोंड्याच्या मधला काळा उचलायचा आणि मऊ ब्रशनं सरळ गोंड्याच्या काठावरून बाहेरपर्यंत फिरवायचा. आकार मास्क सांभाळतो, रंग आपण दिला. पांढऱ्या कानासाठी तसंच, पांढरा उचलून. पाच मिनिटांत झाक जाते.

गेल्या महिन्यात तेच मालक परत आले, यावेळी सर्जा पळताना. "धूळ काढू नका दादा, ती तशीच पाहिजे." धुळीला कुठं काठ असतो? अंग आतून ठाम रंगवलं, खुरांमागचा धुरळा पूर्ण Draw unknown नं झाकला, त्यापलीकडे बॅकग्राउंड. प्रिव्ह्यूत तिथं राखाडी ढग आला, जो पाठीवर आला असता तर मी डोकं धरून बसलो असतो. निळ्या बोर्डावर खुरांमागून निळं थोडं थोडं दिसत होतं, खऱ्या धुळीतून दिसतं तसं. Levels ला हात लावला नाही.