भूकंप-दंगलीच्या नावाखाली ३,५४० रुपये : दुकानाचा विमा काढण्याआधी हे वाचा

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं मोबाइल आणि ॲक्सेसरीजचं दुकान आहे. विमा एजंटने माझ्याकडून भूकंप आणि दंगलीच्या कव्हरचे वेगळे ३,५४० रुपये घेतले. हे कव्हर पॉलिसीत आधीच होतं. आणि ज्या भागात ते खरंच नव्हतं तिथे त्याने घातलंही नाही. आमच्या पेठेतल्या आणखी दोघांना त्याने हेच सांगितल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथला प्रत्येक दुकानदार विम्याबद्दल बोलतो, पण बोलतो ते पुराबद्दलच. मला पुराखेरीज दोन गोष्टी विचारायच्या होत्या. कोयना आमच्या पाठीशी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप वडिलांना आजही आठवतो, आणि लहानसहान हादरे मधूनमधून आम्हालाही जाणवतात. दुसरी भीती बंदची. मोर्चा पेठेतून गेला की शटर अर्धं ओढून उभं राहायचं, हे कुठल्याही दुकानदाराला सांगायला नको. म्हणून पैसे देण्याआधीच मी एजंटला व्हॉट्सॲपवर विचारलं, "भाऊ, शॉप पॅकेज पॉलिसीत भूकंप आणि दंगल येतं का?"

उत्तर आलं, "दादा, बेसिकमध्ये नसतं. ॲड-ऑन घ्यावं लागेल. तीन हजार अधिक जीएसटी. घेतलं की सगळं कव्हर."

मूळ प्रीमियम ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. ॲड-ऑनचे ३,०००, त्यावर ५४० जीएसटी. एकूण ९,४४० रुपये. "मी कंपनीत भरतो, तुम्ही मला टाका" म्हणाला, त्याच्या यूपीआयवर पाठवले. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर पॉलिसीची पीडीएफ आली. सोबत 'ॲड-ऑन प्रीमियम प्राप्त' अशी एक छापील पावती होती.

उलगडा झाला बँकेत. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला मालाच्या विम्याची प्रत लागते. तिथल्या मॅडमनी पॉलिसीचं शेड्यूल बघितलं, माझं खात्याचं स्टेटमेंट बघितलं आणि विचारलं, "पॉलिसी ५,९०० ची आहे. तुम्ही ९,४४० कसले दिलेत?" शेड्यूलवर प्रीमियमच्या रकान्यात ५,०००, त्याखाली जीएसटी ९०० आणि एकूण ५,९०० असं स्वच्छ छापलं होतं. ॲड-ऑनची ओळच नव्हती. मग पावती नीट बघितली. कंपनीचं चिन्ह होतं, पण पावती क्रमांक नाही, पॉलिसी क्रमांक नाही, कंपनीचा जीएसटी क्रमांकही नाही.

पॉलिसी घेऊन कंपनीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी पहिलं काम केलं ते सिस्टिममध्ये पॉलिसी उघडून नोंदलेला मोबाइल नंबर वाचून दाखवण्याचं. तो एजंटचा होता, ईमेलही त्याचाच. कंपनीचा एसएमएस, प्रीमियमची खरी पावती, सगळं त्याच्याकडे जात होतं. मला तो देईल तेवढंच दिसत होतं.

दुसरं त्यांनी सांगितलं ते दुकानदारांना सहसा कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने आगीच्या विम्याचे प्रमाणित नमुने आणले. एका ठिकाणची जोखीम पाच कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हा नमुना. त्यात आग, पूर, वादळ, दरड यांच्याबरोबर भूकंप आणि दंगल-संप-हेतुपुरस्सर नुकसान मूळ कव्हरमध्येच आहे. माझ्या पॅकेजचा आगीचा भाग याच नमुन्यावर होता. जुन्या पद्धतीच्या आगीच्या पॉलिसीत भूकंप वेगळा घ्यावा लागायचा आणि दंगलीचा भाग वगळून प्रीमियम कमी करता यायचा. एजंटने त्याच जुन्या गोष्टीच्या जिवावर पैसे उकळले.

पण पॅकेज म्हणजे एक पॉलिसी नव्हे. आगीचा भाग वेगळा, घरफोडीचा वेगळा, रोकड वेगळी, काचा आणि बोर्ड वेगळे, आणि प्रत्येकाचे अपवाद वेगळे. साहेबांनी माझ्याच दुकानाचं उदाहरण घेतलं. समजा जमावाने शटर तोडलं, काउंटर पेटवला, शोकेस फोडली, मोबाइल पळवले आणि गल्ल्यातले वीस हजार नेले. जळालेला माल आणि काउंटर आगीच्या भागात. पळवलेले मोबाइलही तिथेच, कारण विमा असलेल्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी हा नमुना धरतो. गल्ल्यातली रोकड मात्र आगीच्या भागात ठरलेल्या मर्यादेपर्यंतच धरतात. तिच्यासाठी रोकडीचा वेगळा भाग असतो, पण माझ्या पॉलिसीत त्या भागाच्या अपवादांत 'दंगल, संप' असं लिहिलेलं होतं. घरफोडीच्या भागातही तेच. म्हणजे या दोन भागांतून त्या वीस हजारांतलं काहीच मिळालं नसतं.

याच कारणाने एफआयआरची भाषा महत्त्वाची ठरते. 'अज्ञात चोरट्याने शटर उचकटले' असं नोंदलं, तर दावा घरफोडीच्या भागात ढकलला जातो, आणि तपासात दंगल निघाली की तिथला अपवाद पुढे येतो. जमाव होता तर एफआयआर आणि पंचनाम्यात जमावच यायला हवा.

भूकंपाचंही एक ऐका. माझी पॉलिसी फक्त मालाची आणि फर्निचरची आहे, गाळा मालकाचा. भूकंपात भिंत पडली तर भिंतीचे पैसे मला मिळणार नाहीत. भिंतीखाली दबलेल्या मालाचे मिळतील. "सगळं कव्हर" हे त्या दृष्टीनेही खोटंच होतं.

शाखेतच लेखी तक्रार दिली. व्हॉट्सॲपचा संवाद, यूपीआयची नोंद आणि ती पावती जोडली. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे एजंटने घेतलेला प्रीमियम सुट्ट्या सोडून चोवीस तासांत कंपनीकडे भरायचा असतो, आणि प्रीमियम पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. माझे ५,९०० भरले होते, म्हणून पॉलिसी तरी खरी निघाली. पेठेतल्या एका फॅन्सी स्टोअरवाल्या काकांची तर पीडीएफच बनावट आहे की काय, ते आता तपासत आहेत.

कंपनीचा फोन गेल्यावर एजंट संध्याकाळी दुकानात हजर. "दादा, गैरसमज झाला, मिटवून टाकू." ३,५४० खात्यावर परत आले. तक्रार मागे घे म्हणत होता, घेतली नाही. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर दिलं नाही तर विमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ वर नोंद करायची, आणि त्यापुढे विमा लोकपाल. एकट्या मालकीच्या दुकानालाही लोकपालाकडे जाता येतं आणि तिथे फी लागत नाही.

मोबाइल नंबर बदलून घेतला. घरफोडी आणि रोकड या दोन्ही भागांना दंगलीची जोड मागितली. ती जादा प्रीमियमवर एन्डॉर्समेंटने मिळाली, पैसे थेट कंपनीच्या लिंकवर भरले.

काकांना आणि शेजारच्यांना मी विचारायचा मजकूर लिहून दिलाय, तोच इथे देतो. कंपनीच्या ईमेलवर पाठवा, एजंटला नाही: "माझ्या शॉप पॅकेजमध्ये आग, घरफोडी, रोकड, काचा आणि बोर्ड या प्रत्येक भागात भूकंप आणि दंगल कव्हर आहे का, ते भागवार कळवा. मूळ कव्हरमध्ये आहे की जादा प्रीमियमवर, आणि जादा असेल तर शेड्यूलवर कुठल्या ओळीत दिसेल?"