लंडनचा कंडक्टर, मुंबईचा कंडक्टर

१९५३ साली ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी दाखवलं की लंडनच्या डबलडेकरवर दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो.

अंतर्गत वैधतेचा प्रश्न असा: हा फरक जिन्यांमुळेच पडला का? पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांची कंबर भरती होतानाच मोठी निघाली. म्हणजे दोन्ही गट मुळातच सारखे नव्हते. माझ्या मते अभ्यासाची खरी दुखरी नस हीच.

बाह्य वैधता वेगळं विचारते: हे बेस्टच्या कंडक्टरला लागू होईल का? एकमजली बसमध्ये जिनाच नाही. शिवाय भारतीयांत कंबर बेताची असूनही हृदयविकाराचा धोका वाढवणारा मधुमेह आढळतो. लंडनचा निष्कर्ष अगदी निर्दोष असता, तरी इथे तो पुन्हा तपासावाच लागला असता.